हाय फ्लोवर सॅच्युरेशन ९४ आहे, मग व्हेंटिलेटरची सही कशाला?

प्रश्न: बाबा ६१ वर्षांचे, न्यूमोनिया झालाय, काल रात्रीपासून आयसीयूत हाय फ्लो नेझल ऑक्सिजनवर आहेत. मशीनच्या स्क्रीनवर ६० आणि ८५ दिसतं, सॅच्युरेशन ९४ आहे, आमच्याशी बोलतात पण. तरी डॉक्टर व्हेंटिलेटरच्या फॉर्मवर सही मागतायत. ९४ असताना व्हेंटिलेटर कशाला? बिल वाढवायला तर नाही ना?

उत्तर:

तुम्ही तीन आकडे लिहिलेत, चौथा लिहिलाच नाहीत, आणि माझ्या दृष्टीने तोच सगळ्यात महत्त्वाचा. बाबा मिनिटाला किती श्वास घेतायत? तो माहीत नसताना तुमच्या डॉक्टरांचं बरोबर की चूक हे मी इथे बसून सांगू शकत नाही, पण सही मागण्यामागे काय विचार असतो ते सांगतो, मी गेली बरीच वर्षं आयसीयूतच काढली आहेत आणि हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणीतरी कॉरिडॉरमध्ये अडवून विचारतंच.

आधी ते ९४. तुम्ही-मी साधी हवा घेतो त्यात २१ टक्के ऑक्सिजन असतो आणि त्यावर आपलं सॅच्युरेशन ९७-९८ येतं. स्क्रीनवरचं ८५ म्हणजे बाबांना ८५ टक्के ऑक्सिजन चाललाय. म्हणजे चौपट ऑक्सिजन देऊन ९४ मिळतंय. मुलाला ट्यूशन लावून, कॉपी पुरवून ६० मार्क पडले तर आपण पास झाला म्हणून पेढे वाटत नाही ना, तसंच आहे हे. नुसतं सॅच्युरेशन बघणाऱ्याला फुफ्फुस किती बिघडलंय ते कळतच नाही, ते कितीच्या बदल्यात मिळालं हे बघावं लागतं.

दुसरा आकडा ६०, तो फ्लो. मिनिटाला ६० लिटर हवा-ऑक्सिजनचं मिश्रण नाकातून जातंय. साध्या मास्कवर जास्तीत जास्त १५ लिटर लावतात, मग इथे ६० कशाला, तर माणूस निवांत असताना श्वास आत ओढतो तेव्हा ओढण्याचा वेग मिनिटाला साधारण ३० लिटरच्या आसपास असतो, पण धाप लागलेला माणूस ६०, कधी १०० च्या वेगानेही ओढतो. आता विहिरीवरची मोटर आठवा, पाणी कमी आणि मोटर मोठी असली की ती पाण्याबरोबर हवा खेचायला लागते. मास्कमधून १५ येतंय आणि पेशंट ६० ने ओढतोय, तर उरलेलं तो मास्कच्या कडांमधून बाहेरची साधी हवा ओढून भरून काढणार, म्हणजे आपण समजतो १०० टक्के ऑक्सिजन दिला आणि फुफ्फुसात पोचतो त्यापेक्षा बराच कमी, आणि पेशंट जितका जोरात ओढेल तितका अजून कमी. ६० लिटर दिले की ही गळती बरीच थांबते आणि स्क्रीनवर ८५ असेल तर आत ८५ च्या जवळपास पोचतो. हाय फ्लोचा पहिला आणि सगळ्यात मोठा फायदा हाच.

दुसरा फायदा मला स्वतःला जास्त आवडतो कारण तो डोळ्यांना दिसत नाही. आपण श्वास सोडला की शेवटची वापरलेली हवा नाकात, घशात, श्वासनळीत अडकून राहते, मोठ्या माणसात साधारण १५० मिली, आणि पुढच्या श्वासाला आधी तीच शिळी हवा परत आत जाते. ५०० मिलीच्या नॉर्मल श्वासात १५० वाया गेले तर चालून जातं. पण धापेचा माणूस ३०० मिलीचे छोटे छोटे श्वास घेतो, त्यात निम्मा श्वास फुकट. हाय फ्लोचा झोत नाक-घशातली शिळी हवा सतत धुऊन काढतो, सगळी १५० नाही, वरच्या भागातली, पण तेवढ्यानेही त्याच कष्टात जास्त कामाची हवा मिळते आणि श्वासाचा वेग उतरतो. लावल्यावर अर्ध्या-एक तासात ३६ वरून ३० वर आला की समजायचं धुणं चालू झालं.

थोडा दाबही तयार होतो, तोंड मिटलेलं असेल तर ६० लिटरला पाण्याच्या ३ ते ५ सेंटीमीटरएवढा, म्हणून आम्ही ‘काका तोंड मिटा’ करून मागे लागतो, तोंड उघडं पडलं की तो बराचसा जातो. आणि हवा ३७ डिग्रीला गरम आणि पूर्ण दमट करून येते, नाहीतर ६० लिटर कोरडी हवा नाकात मारली तर कुणी दहा मिनिटंसुद्धा सहन करणार नाही, कफ वाळून खडा होईल. (त्या ओलाव्याला पाणी किती लागतं हे लोकांना माहीत नसतं, ६० लिटरवर तासाला साधारण दीडशे मिली, म्हणजे एक लिटरची पाण्याची बाटली सहा-सात तासांत संपते. बाबांच्या मशीनला लटकवलेली बाटली रिकामी दिसली तर सिस्टरना हाक मारा, लाजू नका.)

आता हाय फ्लो काय करत नाही ते. तो श्वास ‘घेऊन देत’ नाही. प्रत्येक श्वासाला छाती फुगवायचं काम बाबांचेच स्नायू करतायत, दिवसरात्र, एक सेकंद सुट्टी नाही. मशीन फक्त ते काम जरा हलकं करतं. व्हेंटिलेटर ते काम स्वतःच्या अंगावर घेतो. हा फरक नीट समजला की पुढचं सगळं समजतं, कारण प्रश्न ऑक्सिजन किती आहे हा नसतोच, हा माणूस हे ओझं अजून किती तास उचलू शकेल हा असतो.

त्यासाठी आम्ही एक साधं गणित करतो, रॉक्स इंडेक्स म्हणतात त्याला.

```
ROX = (SpO2 / FiO2) / RR
```

वरचं सॅच्युरेशन, त्याला ऑक्सिजनच्या प्रमाणाने भागायचं, ८५ टक्के म्हणजे ०.८५, आणि आलेल्याला मिनिटाच्या श्वासांनी भागायचं. तुमच्या आकड्यांनी ९४ भागिले ०.८५ म्हणजे साधारण ११०. श्वास २२ असतील तर रॉक्स ५ येतो, ३२ असतील तर ३.५ च्या खाली. तेच ९४, तेच ८५, आणि दोन वेगळे पेशंट. न्यूमोनियाच्या पेशंटवर केलेल्या अभ्यासातून असं ठरलं की २, ६ किंवा १२ तासांनी ४.८८ किंवा जास्त असेल तर नळी, म्हणजे तोंडातून श्वासनळीत टाकून व्हेंटिलेटरला जोडतात ती, लागायची शक्यता कमी. आणि २ तासांना २.८५ च्या खाली, ६ तासांना ३.४७ च्या खाली, १२ तासांना ३.८५ च्या खाली म्हणजे हाय फ्लो फेल जाण्याच्या मार्गावर. मधला पट्टा मोठा आहे, तिथे अर्ध्या तासाने परत बघ, परत मोज, असं चालतं.

पण या गणितावर मी स्वतः एकदा फसलोय, ते सविस्तर सांगतो कारण त्यातून जास्त कळेल. बरीच वर्षं झाली, हॉस्पिटलचं नाव सोडा. ५२ वर्षांचे गृहस्थ, अंगाने भारी, शुगर, व्हायरल न्यूमोनिया. आले तेव्हा पिशवीच्या मास्कवर १५ लिटरला ८७ आणि श्वास ३६. हाय फ्लो लावला ५० लिटर, १०० टक्के, वीस मिनिटांत सॅच्युरेशन ९५ आणि श्वास ३०. ऑक्सिजन ८० वर आणला, ९३ टिकलं. घरचे खूश, मी पण खूश. दोन तासांनी रॉक्स काढला, ९३ भागिले ०.८ भागिले ३०, ३.९. मधला पट्टा. फ्लो ६० केला, पालथं झोपवलं (जागेपणी पालथं झोपल्याने पाठीकडचा दबलेला भाग उघडतो, बऱ्याच जणांचं सॅच्युरेशन सुधारतं), सहा तासांनी ४.२, श्वास २८. मी म्हटलं चाललंय, बरं चाललंय.

रात्री दोनला, बारावा तास, ऑक्सिजन ९० वर न्यावा लागला होता, ९३ सॅच्युरेशन, श्वास ३४. रॉक्स ३.०४. तिथेच नळी टाकायला पाहिजे होती. पण रात्र, स्टाफ कमी, पेशंट शुद्धीत, मला म्हणाले ‘डॉक्टर.. बरं.. वाटतंय’, आणि मी ते ऐकलं, पण प्रत्येक शब्दाला श्वास घेत म्हणाले हे ऐकूनही ऐकलं नाही. सकाळी सीनियर आले की बघू असं ठरवलं. चारला सिस्टरनी फोन केला, म्हणे सर आता शांत झोपलेत, श्वास पण २२ वर आलाय. मी रॉक्स काढला, ९३ भागिले ०.९ भागिले २२, ४.७. सुधारला! मी पाठीवर पडणार होतो, मग काय वाटलं कुणास ठाऊक, उठून जाऊन बघितलं.

झोपलेले नव्हते, झापड आली होती. हाक मारली तर डोळे उघडून परत मिटायचे. घाम. मानेचे दोन्ही बाजूचे स्नायू दोरीसारखे ताणलेले, आणि पोटावर हात ठेवला तर छाती वर येताना पोट आत जात होतं. निरोगी माणसाचं पोट श्वास घेताना बाहेर येतं, आत जातंय म्हणजे पडदा, डायफ्रॅम, दमला. एबीजी, म्हणजे धमनीच्या रक्तातल्या वायूंची तपासणी, पाठवला, सीओटू साठून ६१, पीएच घसरून ७.२४. श्वास कमी झाला होता तो बरं वाटल्यामुळे नव्हे, ओढायची ताकद संपली म्हणून, आणि गणिताने त्यालाच सुधारणा म्हटलं. नळी टाकली तेव्हा भुलीचं औषध दिल्यावर मिनिटाच्या आत सॅच्युरेशन ७० च्या खाली गेलं, कारण राखीव काही उरलंच नव्हतं. वाचले ते, अकरा दिवस व्हेंटिलेटर, पण त्या एका मिनिटात माझं काय झालं ते मला माहीत. दोनला केलं असतं तर हेच काम सगळी तयारी करून, चार माणसं हाताशी घेऊन झालं असतं.

तेव्हापासून मी श्वास मॉनिटरवर वाचत नाही, तो आकडा छातीच्या चिकटपट्ट्यांवरून येतो आणि पेशंट हलला, बोलला की काहीही दाखवतो. घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट मोजतो. आणि आकडा उतरला तर पहिला प्रश्न, माणूस उठून बोलतोय का गुंगीत आहे. श्वास कमी आणि माणूस ताजा असेल तर सुधारणा, श्वास कमी आणि माणूस मंद असेल तर धोका. उलट बाजूचीही चूक होते, कुणीतरी ऑक्सिजन १०० टक्क्यांवरच ठेवून देतो, सॅच्युरेशन ९९, रॉक्स कमी येतो आणि सगळे घाबरतात. आधी ऑक्सिजन उतरवून सॅच्युरेशन ९२ ते ९६ मध्ये आणायचं, मग गणित.

आता तुमच्या मूळ शंकेवर, ही घाई कशाला, अजून एक दिवस बघूया ना. २०१५ साली कोरियातून १७५ पेशंटचा एक अहवाल आला, सगळे हाय फ्लो फेल होऊन नळीवर गेलेले. ४८ तासांच्या आत नळी टाकलेल्यांत आयसीयूत ३९ टक्के गेले, ४८ तासांनंतर टाकलेल्यांत ६७ टक्के. मागे वळून बघितलेला डेटा आहे, उशीर झालेले मुळात जास्त आजारी असतील हेही शक्य, पण दिशा तीच जी आम्ही रोज बघतो. हाय फ्लो पेशंटला इतका आरामशीर ठेवतो, खाता येतं, बोलता येतं, की वेळ हातातून जातोय हे आमच्याही लक्षात येत नाही. आणि हेही खरं की हे मशीन बऱ्याच जणांना नळीपासून वाचवतं. त्याच वर्षी फ्रान्स-बेल्जियममधला ३१० पेशंटचा मोठा अभ्यास आला, हाय फ्लो गटात साधारण ३८ टक्क्यांना नळी लागली, म्हणजे दहातले सहा तसेच निभावले, आणि ९० दिवसांपर्यंतचे मृत्यूही त्या गटात कमी होते. पण दहातल्या चौघांना लागली, म्हणून सही आधी घेऊन ठेवतात. सही घेतली म्हणजे आज नळी टाकणारच असं नाही, पहाटे चारला तुम्हाला फोनवर शोधत बसायची वेळ येऊ नये म्हणून.

मग कधी पुढे जायचं. एकच आकडा नाही, दोन-तीन गोष्टी जुळतात. श्वास सतत ३५ च्या वर, ४० म्हणजे फारच, फ्लो ६० आणि ऑक्सिजन ९० च्या वर नेऊनही सॅच्युरेशन ९० टिकत नाही, पाच मिनिटांपेक्षा जास्त, पोट-छाती उलटी हलणं, मानेचे स्नायू, कफ इतका की स्वतः काढता येत नाही, बीपी पडून औषध लागतंय, भान हरपतंय, एबीजीत पीएच घसरतोय. भान आणि बीपी या दोन गोष्टी बिघडल्या तर मी रॉक्स काढतच नाही, थेट नळीची तयारी.

मधली पायरी पण असते, प्रत्येकाला लगेच नळी असं नाही. मास्कचं बायपॅप किंवा सीपॅप, म्हणजे घट्ट मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन. सीओपीडी या फुफ्फुसाच्या जुनाट आजाराचा पेशंट सीओटू साठून गुंगीत येतोय किंवा हार्ट फेल्युअरने फुफ्फुसात पाणी भरलंय तर तिथे आधी बायपॅप-सीपॅपच जास्त कामाचं, त्यांच्याकडे मी हाय फ्लोने सुरुवात करत बसत नाही. पण नुसत्या न्यूमोनियात बायपॅपवरही पेशंट खूप मोठे मोठे श्वास ओढत राहिला तर आजारी फुफ्फुसावरच ताण येतो, म्हणून तिथेही एक-दोन तासांत ठरवायचं, दिवस काढायचा नाही. आणि अशा पेशंटला एका मशीनवरून दुसऱ्यावर ढकलत राहणं ही नळी टाळण्याची पद्धत नव्हे, नुसतं निर्णय टाळणं आहे, हे माझं स्पष्ट मत.

एक गोष्ट तालुक्याच्या हॉस्पिटलवाल्यांसाठी, कारण हे वाचणाऱ्यांत ते असणार. ६० लिटर फ्लो आणि ९० टक्के म्हणजे त्यातला शुद्ध ऑक्सिजन मिनिटाला साधारण ५२ लिटर. मोठा जंबो सिलिंडर, सात हजार लिटरचा, सव्वादोन तासांत खलास. छोटा दीड हजारवाला अर्ध्या तासात. २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत एका हाय फ्लोवर चालणाऱ्या ऑक्सिजनमध्ये मास्कवरचे तीन-चार पेशंट निभले असते, ही ओढाताण कुणाला शिकवायला नको. ऑक्सिजनची सेंट्रल पाइपलाइन नसेल आणि पेशंट पाठवायचा असेल तर हे गणित अँब्युलन्समध्ये बसायच्या आधी करा, रस्त्यात मोजत बसू नका. ९० टक्के ऑक्सिजनवर श्वास ३४ असणारा पेशंट दोन तासांच्या प्रवासाला हाय फ्लोवर पाठवण्यापेक्षा निघायच्या आधी नळी टाकून पाठवलेला बरा.

तुम्ही काय करायचं, तर भेटायला जाल तेव्हा मॉनिटरकडे पाठ करा. बाबांच्या छातीकडे बघून एक मिनिट श्वास मोजा. एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता येतंय का बघा, ‘जेवलास का रे’ एवढं एका दमात आलं तर चांगलं. नाकातली नळी एका नाकपुडीतून निसटलीय का, तोंड उघडं टाकून झोपलेत का, हे पण. मग डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: श्वास काल रात्री किती होता आणि आता किती, ऑक्सिजनचं प्रमाण कालपासून वर चाललंय की खाली, आणि कुठला आकडा आला की तुम्ही नळी टाकणार. ८५ काल ७० होतं आणि श्वास ३२ असेल तर सही करून टाका. काल ९५ होतं, आज ८५ आणि श्वास २४, बाबा चहा मागतायत, तर सही तरीही करून ठेवा, ती बहुधा फाइलमध्येच पडून राहील.